‘पडेल ते काम करीन’च्या पुढचे पत्र

सात-आठ माणसांच्या स्टार्टअपची नोकरीची जाहिरात वाचली की उमेदवार बुचकळ्यात पडतो. पदाचे नाव ‘ऑपरेशन्स असोसिएट’ असे काहीतरी असते आणि खाली दिलेली कामे मात्र तीन वेगवेगळ्या माणसांची वाटतात: ग्राहकांशी बोलणे, हिशेब पाहणे, नव्या लोकांना शिकवणे, प्रवास, आणि ‘वेळोवेळी येणारी इतर कामे’. शेवटी एक ओळ असते: ‘अनिश्चित परिस्थितीत काम करता येणारी, लवचीक वृत्तीची व्यक्ती हवी.’ या ओळीला उत्तर म्हणून बहुतेक जण लिहितात, ‘मला अनिश्चिततेत काम करायला आवडते, मी पडेल ते काम करायला तयार आहे.’ हे खरेही असेल. पण ज्याला खरोखर तसे काम करता येते तोही हेच लिहितो आणि ज्याला येत नाही तोही हेच लिहितो, त्यामुळे पत्र वाचणाऱ्याला त्यावरून दोघांत निवड करता येत नाही. हीच गोष्ट दिसेल असे पत्र कसे लिहायचे, ते एक नमुना घेऊन सविस्तर पाहू.

आधी कंपनीची बाजू समजून घेतली पाहिजे. सरकारी मान्यतेच्या लेखी सर्वसाधारणपणे स्थापनेपासून 10 वर्षांपर्यंतची कंपनी स्टार्टअप राहू शकते. त्यामुळे शेकडो कर्मचारी असलेली कंपनीही स्टार्टअप म्हणवते आणि दोन खोल्यांत सात माणसे बसतात तीही. मोठीत विभाग असतात, कामे वाटलेली असतात. लहानीत विभाग नसतातच, कारण ग्राहक नेमका कोण, पैसे कोण देणार आणि किती, हे अजून ठरायचे असते. फ्लिपकार्टची सुरुवात आठवावी. 2007 साली सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी बंगळुरूत ही कंपनी काढली. दोघेही दिल्ली आयआयटीचे संगणक अभियंते. पहिली मागणी आली ती महबूबनगरच्या एका ग्राहकाची, जॉन वुड यांच्या पुस्तकासाठी, आणि ते पुस्तक मिळवायला या दोघांना बंगळुरूतली दुकाने धुंडाळावी लागली. संकेतस्थळ बनवणारा आणि पुस्तक शोधून पार्सल बांधणारा माणूस तेव्हा एकच होता. पुढे त्यांनी घेतलेला पहिला कर्मचारी, आंबूर अय्यप्पा, आधी कुरिअर कंपनीत काम केलेला होता. पार्सल हरवते कुठे आणि अडते कुठे हे त्याला हाताखालून गेलेले होते.

जाहिरातीतल्या त्या एका ओळीत खरे तर दोन वेगळ्या मागण्या असतात, आणि पत्र लिहिताना त्या एकत्र कालवल्या जातात. गावातल्या बँक शाखेतला कर्मचारी दिवसभरात रोकड मोजतो, पासबुक छापतो, कर्जाचे कागद पाहतो, खातेदारांची समजूत घालतो. कामे अनेक आहेत, पण प्रत्येकाचा नियम लिहिलेला आहे आणि अडले तर परिपत्रक आहे. त्याला अनेक कामे येतात, पण अनिश्चिततेशी त्याचा फारसा संबंध येत नाही. उलट एखादा संशोधक वर्षानुवर्षे एकाच प्रश्नावर काम करतो आणि उत्तर सापडेल की नाही हेही त्याला माहीत नसते. काम एकच, पण अंधारातले. लहान स्टार्टअपला दोन्ही हवे असते, म्हणून पत्रातही दोन्ही वेगवेगळे दिसले पाहिजे.

आता नमुना. पुण्यातली एक लहान कंपनी धरू. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ती मोबाइल अ‍ॅप बनवते. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध आणतात, लिटर, फॅट आणि एसएनएफची नोंद होते, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचे बिल होते. कंपनीत सात जण आहेत. आठव्या माणसासाठी वर दिली तशी जाहिरात आली आहे. उमेदवार संगमनेरची, वाणिज्य शाखेची पदवीधर, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिशेब सांभाळणारी. कंपनी आणि उमेदवार दोन्ही मी उदाहरणासाठी रचलेली आहेत. दूध केंद्रावरचे काम मात्र असेच चालते.

तिचा पहिला खर्डा साधारण असा होईल: ‘मी मेहनती, जबाबदार आणि शिकण्याची आवड असलेली व्यक्ती आहे. मला एकाच प्रकारचे ठरावीक काम कंटाळवाणे वाटते. हिशेब, ग्राहकसेवा, विक्री, मार्केटिंग, सोशल मीडिया, प्रशिक्षण, डेटा अशी सर्व कामे मी करू शकते. अनिश्चित वातावरणात मी अधिक खुलते. संधी दिल्यास रात्रंदिवस मेहनत घेईन.’

यातले प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याच्या मनात शंका निर्माण करते. सात कामे सारख्याच वजनाने मांडली आहेत, त्यामुळे सोमवारी सकाळी हिच्याकडे नेमके काय सोपवायचे ते फाउंडरला ठरवता येत नाही. ‘ठरावीक काम कंटाळवाणे वाटते’ हे वाक्य तर नुकसानच करते. दर दहा दिवसांनी बिल काढणे हे पूर्णपणे ठरावीक काम आहे आणि ते दिवसभर उशिरा झाले किंवा एका शेतकऱ्याचे 40 रुपये चुकले तरी केंद्राचा अ‍ॅपवरचा विश्वास उडतो. नव्या कंपनीत बरेच काही अधांतरी असते, म्हणूनच जे ठरले आहे ते काटेकोर करणारा माणूस तिला हवा असतो. अनिश्चिततेची सवय आणि शिस्तीचा कंटाळा या दोन गोष्टींची गल्लत मी अनेक चांगल्या उमेदवारांच्या पत्रांत पाहिली आहे. आणि ‘रात्रंदिवस’ हा शब्द कुणीच खरा मानत नाही.

दुसऱ्या खर्ड्याआधी तिने लिहिणे थांबवून थोडी माहिती काढली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नोंदणीची तारीख आणि भरणा झालेले भांडवल पाहता येते, ते पाहिले. अ‍ॅप स्वतःच्या फोनवर घेऊन उघडले, त्याखाली वापरणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. मग ते अ‍ॅप वापरणारे केंद्र कुठे आहे याची ओळखीतून चौकशी केली, सचिवांची परवानगी घेतली आणि एका सकाळी दूध घालायच्या वेळी तिथे जाऊन बसली. वहीचा फोटो काढला नाही, कुणा शेतकऱ्याचे नाव टिपले नाही. दुसऱ्याच्या हिशेबाची माहिती पत्रातून तिसऱ्याला पाठवायची नसते, हे भान हिशेबाच्या माणसाला हवेच.

त्यानंतरचे पत्र असे आहे.

‘विषय: ऑपरेशन्स असोसिएट पदासाठी अर्ज (हिशेब आणि केंद्रभेटी, संगमनेर परिसर)

नमस्कार,

गेल्या आठवड्यात मी आमच्या गावाजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर सकाळी सहा ते आठ बसले होते. तिथले सचिव तुमचे अ‍ॅप वापरतात. लिटर, फॅट, एसएनएफ ते मोबाइलवर भरतात आणि पावती देतात. पण शेजारी एक वही उघडी असते. पशुखाद्याची उधारी आणि आगाऊ उचल ते त्या वहीत लिहितात आणि दहा दिवसांचे बिल काढताना कपात वहीवरून हाताने करतात. अ‍ॅपमध्ये ही सोय नाही, की सोय आहे पण त्यांना माहीत नाही, की उधारी मोबाइलवर नोंदवणे त्यांनाच नको आहे, हे मला कळलेले नाही. मी एकच केंद्र पाहिले आहे. आणखी चार-पाच पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि तीन वर्षे संगमनेरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिशेब पाहते. दोन वर्षांपूर्वी लॅबने घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे ठरवले. किती लोक बोलावतील, कुठपर्यंत जायचे, जादा किती आकारायचे, काहीच ठरलेले नव्हते. डॉक्टरांनी ते काम माझ्याकडे दिले. मी शहरातले दोनच भाग निवडले, 15 दिवस सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन वेळा ठेवल्या आणि आलेला प्रत्येक फोन वहीत लिहिला, आम्ही ज्यांना नाही म्हटले त्यांचेसुद्धा. 62 फोन आले. त्यांतल्या 51 जणांना उपाशीपोटीच्या तपासणीसाठी सकाळी आठच्या आत माणूस हवा होता. संध्याकाळची वेळ ही माझी कल्पना होती. तिच्यासाठी चारच फोन आले, म्हणून ती बंद केली आणि सकाळी दुसरा माणूस घेतला. पहिला महिना तंत्रज्ञाबरोबर मीच स्कूटीवर जात होते, पत्ते शोधायला आणि पैसे घ्यायला. नंतर फोन घेण्यापासून पैसे जमा करण्यापर्यंतची पद्धत एका पानावर लिहून दिली. आता ते काम दुसरी सहकारी बघते.

तुमच्याकडे हिशेब आणि बिलांच्या तक्रारी मी पहिल्या दिवसापासून घेऊ शकते. केंद्रावर जाऊन सचिवांना शिकवणे, फोन घेणे, पावतीचे रोल पोचवणे हेही करीन. माझ्याकडे दुचाकी आहे आणि पहाटेच्या कामाची सवय आहे. विक्रीचे काम मी केलेले नाही. तुमच्यापैकी कुणाबरोबर काही भेटी करून शिकेन. प्रोग्रामिंग मला येत नाही. पण अ‍ॅप कुठे अडते, कोणत्या फोनवर, काय केल्यावर, हे नीट लिहून देऊ शकते.

जाहिरातीत प्रवास आहे असे म्हटले आहे, भाग दिलेला नाही. संगमनेर, अकोले, राहाता असे धरून मी अर्ज करत आहे. तसे नसेल तर बोलू.

माझा नोटिशीचा काळ 30 दिवसांचा आहे. एखाद्या शनिवारी मी पुण्याला येऊ शकते. तुमच्यापैकी कुणी या बाजूला येणार असेल, तर त्यांच्याबरोबर एखाद्या केंद्रावर जायलाही आवडेल.

आपली नम्र,’

या पत्रात ‘अनिश्चितता’ हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि तरी अनिश्चिततेत ही मुलगी कशी वागते ते पूर्ण दिसते. ते कुठून दिसते, हे जरा बारकाईने पाहू.

सगळ्यात मोलाचे आहे ते वहीबद्दलचे वाक्य. सचिव वही का ठेवतात याची तिने तीन कारणे मांडली आणि कोणते खरे ते मला माहीत नाही असे सांगितले. उत्साही उमेदवार इथे हमखास घसरतो. तो लिहितो, ‘तुमच्या अ‍ॅपमध्ये उधारीची सोय नाही, ती तातडीने करावी.’ आता फाउंडरच्या बाजूने विचार करा. कदाचित ती सोय त्यांनी करून पाहिली असेल आणि काढून टाकली असेल, कारण कुणाची किती उधारी आहे हे गावात नाजूक प्रकरण असते आणि पावतीवर ती छापून आली तर रांगेत उभा असलेला शेजारी वाचतो. एका सकाळच्या भेटीवरून दिलेला सल्ला त्यांना उथळ वाटेल. तिने मात्र पाहिलेले, अंदाजाचे आणि तपासायचे अशा तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. माहिती अपुरी असताना हे भेद सांभाळता येणे, हेच तर त्या जाहिरातीतल्या ओळीला अभिप्रेत असते. अनिश्चिततेत गोंधळणारी माणसे दोन प्रकारची असतात: एक सगळे स्पष्ट होईपर्यंत हात न लावणारी, दुसरी पहिल्याच अंदाजाला सत्य मानून धावत सुटणारी. पत्र वाचणारा या दोघांनाही टाळू पाहत असतो, आणि माझ्या मते दुसरा प्रकार लहान कंपनीला जास्त महागात पडतो.

दुसरी जागा लॅबच्या प्रसंगाची. तो प्रसंग फार मोठा नाही, पण त्याची बांधणी पाहा. आधी काय ठरलेले नव्हते ते सांगितले. मग तिने प्रश्न लहान केला: सगळ्या शहराऐवजी दोन भाग, कायमच्या योजनेऐवजी 15 दिवस. मग मोजायचे काय ते ठरवले. इथे ‘आम्ही ज्यांना नाही म्हटले त्यांचेसुद्धा’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. फक्त झालेल्या भेटी मोजल्या असत्या तर लॅबला किती काम जमले तेवढेच कळले असते. नाकारलेले फोनही लिहिल्यामुळे लोकांना काय हवे आहे ते कळले. नवा धंदा मोजताना ही चूक सर्रास होते, आणि ती टाळणारा माणूस जाणकार फाउंडरच्या लगेच डोळ्यांत भरतो. आणि शेवटी तिने स्वतःची संध्याकाळची कल्पना आकडे पाहून बंद केली. काहीतरी सुरू केल्याचे सगळेच सांगतात. काय बंद केले आणि का, हे सांगणारी पत्रे थोडी असतात. सात माणसांच्या कंपनीत पैसा आणि वेळ दोन्ही मोजके असताना चुकीचे काम वेळीच सोडणे हे नवे काम सुरू करण्याइतकेच गरजेचे असते.

अनेक कामांची तयारी कशी दाखवली आहे तेही पाहा. ‘सगळे येते’ असे ती म्हणत नाही. पहिल्या दिवसापासून काय घेईन, जोडीला काय करीन, काय शिकावे लागेल आणि काय येत नाही, अशी उतरंड तिने लावली आहे. त्यामुळे फाउंडरला तिची जागा डोळ्यांसमोर दिसते: बिलांच्या तक्रारी आजवर तो स्वतः रात्री बसून पाहत असेल, तर त्या उद्यापासून हिच्याकडे जातील. पावतीचे रोल पोचवण्याचा उल्लेखही मुद्दाम आहे. लहान कंपनीत हमालीचीही कामे असतात आणि ती करायला पदवीधर माणूस तयार असतो का, हे विचारायला फाउंडरला अवघड वाटते. तिने आधीच सांगून टाकले. प्रोग्रामिंग येत नाही ही कबुली देताना तिने त्या कमतरतेच्या कडेला उभे राहून करता येण्याजोगे एक उपयोगी काम दाखवले. ज्याने ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढीच तक्रार ऐकून दिवस घालवला आहे, त्या प्रोग्रामरला नीट लिहिलेल्या तक्रारीची किंमत माहीत असते.

आणखी एक गोष्ट सहज निसटेल: एका पानावर लिहून दिलेली पद्धत. अनेक कामे अंगावर घेणाऱ्या माणसाचा एक धोका असतो. सगळे त्याच्याच डोक्यात राहते आणि तो आजारी पडला की पाच कामे एकदम थांबतात. कंपनी वाढते तशी ही कामे एकेक करून दुसऱ्याकडे सोपवावी लागतात. घेतलेले काम सोडताही येते, हे त्या एका वाक्यातून कळते.

असे पत्र लिहायचे तर एक पथ्य पाळावे लागते. आत जे लिहिले आहे त्यावर मुलाखतीत प्रश्न येणारच. 62 फोनांपैकी 51 आणि 4 गेले, उरलेले सात कोण होते? जादा आकार शेवटी किती ठेवला? डॉक्टर सहमत नसते तर काय केले असते? याची उत्तरे तोंडावर यायला हवीत. म्हणून प्रसंग लहान असला तरी चालेल, पण आपण स्वतः केलेलाच असावा. नुकतेच शिक्षण संपवलेल्यांकडे नोकरीचा प्रसंग नसतो, पण गणेश मंडळाचा जमाखर्च, घरच्या दुकानात सुरू केलेली घरपोच सेवा, कॉलेजच्या कार्यक्रमात ऐन वेळी पाहुणे न आल्यावर केलेली सोय यांतही हीच बांधणी सापडते: काय ठरलेले नव्हते, कुठून सुरुवात केली, काय नोंदवले, काय सोडून दिले.

पत्राच्या लांबीबद्दल प्रश्न विचारला जातो. सात जणांच्या कंपनीत अर्ज बहुधा फाउंडर स्वतः वाचतो, तोही फोनवर, दोन बैठकांच्या मध्ये. वरचे पत्र त्या मानाने लांबच्या बाजूचे आहे. कमी करायचे झाल्यास मी शेवटून कमी करीन, वहीचा प्रसंग आणि लॅबचा प्रसंग यांना हात लावणार नाही. पत्र ईमेलच्या मजकुरातच असावे, फक्त बायोडेटा जोडावा. अशा कंपन्यांत अर्ज बहुतेक इंग्रजीत जातात, पण ग्राहक मराठी शेतकरी असताना नीटस मराठी पत्र हाही कामाचाच नमुना ठरतो. आठवडाभरात उत्तर नाही आले तर दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. ‘पडेल ते काम’ या शब्दांखाली दोन माणसांचे काम एका पगारात करून घेणाऱ्या कंपन्याही असतात. पत्रात अटी घालू नयेत, पण बोलणी पुढे गेली की काही गोष्टी थेट विचाराव्यात. हातातल्या पैशांवर कंपनी किती महिने चालेल? गंभीर फाउंडर याचे उत्तर महिन्यांत देतो. जो हसून टाळतो त्याच्याबाबत सावध राहावे. दोन कामे एकाच वेळी आली तर आधी कोणते, हे कोण ठरवणार? दोन फाउंडर असतील आणि दोघेही म्हणाले ‘माझे आधी’, तर अडचण तुमचीच होणार आहे. सहा महिन्यांनी माझ्याकडचे कोणते काम दुसऱ्याकडे जाईल? या प्रश्नाला काही उत्तरच नसेल तर कामे फक्त वाढत जाणार हे ओळखावे.

पैशाच्या दोन बाबी माहीत असाव्यात. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होतो. सात-आठ जणांच्या कंपनीवर ते बंधन नसते, ती स्वेच्छेने पीएफ देत असली तर वेगळे. मोठ्या कंपनीतून येणाऱ्याने पगाराची तुलना करताना मालकाकडून जमा होणारी ती रक्कम धरली पाहिजे. दुसरी बाब शेअरची. पगार कमी देऊन ‘ईसॉप’ देऊ असे सांगितले जाते, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या नियमांनुसार हा हक्क दिल्याच्या तारखेपासून निदान एक वर्ष जावे लागते, तेव्हा तो वापरण्याजोगा होऊ लागतो. त्याआधी नोकरी सोडली तर साधारणपणे हातात काही पडत नाही. आणि कंपनी विकली गेली नाही किंवा तिचे शेअर घ्यायला कुणी पुढे आले नाही, तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून ईसॉपच्या भरवशावर घरखर्चाचे गणित मांडू नये, आणि किती, कोणत्या किमतीला, किती वर्षांत, हे तोंडी न ठेवता नेमणूक पत्रात किंवा स्वतंत्र पत्रात लिहून घ्यावे.

हे सगळे विचारल्याने नोकरी जाईल अशी भीती वाटते. पण ज्या उमेदवाराने दूध केंद्रावर बसून वहीचे तीन अर्थ लावले, तिने कंपनीच्या पैशांबद्दल प्रश्न विचारला तर शहाण्या फाउंडरला त्यात नवल वाटणार नाही. ज्याला ते खुपेल त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

लहान स्टार्टअपची जाहिरात आवडली, तर त्याच रात्री अर्ज पाठवू नका. त्या कंपनीच्या वस्तूचा किंवा सेवेचा वापर जिथे होतो तिथे दोन तास काढा, वापरणारा कुठे अडतो ते पाहा, आणि पत्राची पहिली ओळ तिथून आणा.